कापूर, कस्तुरी आणि तंत्रग्रंथांची किल्ली

मराठीत ‘तांत्रिक’ या शब्दाची मोठी गंमत झाली आहे. ‘तांत्रिक बिघाडामुळे’ लोकल अर्धा तास उशिरा येते, मुलांनी ‘तांत्रिक शिक्षण’ घ्यावे म्हणून आपण धडपडतो, आणि त्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘तांत्रिकाला अटक’ अशी बातमी असते. पहिल्या दोन ठिकाणी शब्दाला प्रतिष्ठा आहे, तिसऱ्या ठिकाणी तो शिवीसारखा येतो. मुळात संस्कृतात ‘तंत्र’ म्हणजे मागावरचा ताणा, आणि त्यावरून नीट विणलेला, सलग मांडलेला ग्रंथ. विष्णुशर्म्याच्या गोष्टींच्या पाच भागांना तंत्रेच म्हणतात. मग या शब्दाला लिंबू-मिरची, कवट्या आणि अंधाऱ्या खोलीचा वास कुठून लागला?

या ग्रंथांचे वाचन मी बरीच वर्षे करीत आलो आहे. वाचनालयांच्या व्याख्यानमालांत या विषयावर बोलायला गेलो की शेवटी हटकून दोन प्रश्न येतात. पहिला प्रश्न त्राग्याचा असतो : ‘‘असल्या घाणेरड्या पोथ्या वाचायच्या तरी कशाला?’’ दुसरा समजूतदारपणाचा असतो : ‘‘हे सगळं प्रतीकात्मकच असतं ना हो? मद्य म्हणजे खरं मद्य नव्हेच ना?’’ हे दोन प्रश्न एकमेकांविरुद्ध वाटतात. पण दोन्ही विचारणाऱ्यांनी पोथी उघडलेली नसते, आणि दोघांनाही ती उघडायचीही नसते. एकाला ती आधीच नाकारायची असते, दुसऱ्याला आधीच धुऊन घ्यायची असते. विशेष म्हणजे गेल्या दीडशे वर्षांत मोठमोठ्या पंडितांनीही आलटून पालटून हेच केले. ती हकीकत एका शब्दाच्या आधाराने सांगण्यासारखी आहे.

नेपाळची पोथी, कलकत्त्याचे वाचन

एकोणिसाव्या शतकात काठमांडूला ब्रायन हॉजसन नावाचा इंग्रज रेसिडेंट होता. त्याने नेपाळातील बौद्ध पंडितांच्या मदतीने शेकडो संस्कृत हस्तलिखिते जमवली आणि ती कलकत्ता, लंडन, पॅरिस येथे पाठवली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतील संग्रहाचे वर्णन राजेंद्रलाल मित्र यांनी १८८२ साली प्रसिद्ध केले. मित्र हे मोठे विद्वान, आधुनिक भारतीय प्राच्यविद्येच्या पहिल्या पिढीतले. या संग्रहात ‘तथागतगुह्यक’ म्हणजेच ‘गुह्यसमाजतंत्र’ ही पोथी होती. ती वाचून मित्र हादरले. लंडनच्या बदनाम गल्लीत विकली जाणारी पुस्तकेसुद्धा हिच्यापुढे सोज्ज्वळ ठरतील, अशा आशयाचा शेरा त्यांनी मारला.

आता गंमत पाहा. हीच पोथी नेपाळातील नेवार बौद्धांच्या ‘नवधर्म’ या नऊ पूज्य ग्रंथांपैकी एक आहे. तिथे तिची पूजा होते, पठण होते. ती जपणारे वज्राचार्य पुरोहित हे बायकामुले असलेले गृहस्थ आहेत, लग्न-मुंजीसारखे संस्कार करणारे. एकाच ग्रंथावर एका गावात फुले वाहिली जातात आणि दुसऱ्या गावात नाक मुरडले जाते, तेव्हा निदान एवढा प्रश्न तरी पडायला हवा की दोघे एकच गोष्ट वाचत आहेत का? मित्रांनाही हे कोडे जाणवले होते. पण त्यांनी वाक्ये शब्दशः घेतली, कारण ती कशी घ्यायची हे सांगणाऱ्या टीका तेव्हा छापलेल्या नव्हत्या.

याच ग्रंथाची पहिली छापील आवृत्ती १९३१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाली. संपादक होते विनयतोष भट्टाचार्य. बौद्ध मूर्तिशास्त्राचा हा अव्वल जाणकार. ‘साधनमाला’ हा तंत्रमार्गीय ध्यानांचा प्रचंड संग्रह त्यांनीच दोन खंडांत छापला, आणि संग्रहालयातली एखादी तारा किंवा मंजुश्री ओळखायची तर आजही त्यांच्याकडे जावे लागते. पण त्यांनीही तंत्रमार्गाविषयी लिहिताना ‘रोग’ हाच शब्द वापरला. ज्याचा आयुष्यभर अभ्यास केला, त्याला आजार म्हणायचे, हा त्या काळाचा ताण होता. परके राज्यकर्ते आपल्या धर्माला अश्लील म्हणत होते, आणि सुशिक्षित भारतीयाला आपले घर स्वच्छ आहे हे दाखवायचे होते. मग जे लाजिरवाणे वाटेल, त्यावर उताराचा किंवा ऱ्हासाचा शिक्का मारून बाजूला ठेवणे सोपे होते.

एका ‘य’ची किंमत

विनयतोषांचे वडील म्हणजे महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री. तरुणपणी त्यांनी मित्रांच्या त्या सूचीच्या कामात मदत केली होती. पुढे १९०७ साली नेपाळच्या दरबारी ग्रंथालयात त्यांना जुन्या गीतांची पोथी सापडली. तीच ‘चर्यापदे’. १९१६ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. या गीतांचे रचनाकार सिद्ध आहेत. त्यांत कान्हपा आहेत, आणि हे नाव वाचताच मराठी वाचकाला मढीचे कानिफनाथ आठवतील. परंपरा या दोघांना जोडते. मात्र कृष्णाचार्य किंवा कान्ह या नावाचे एकाहून अधिक पुरुष होऊन गेले, त्यामुळे हा दुवा श्रद्धेने जपावा, पण त्यावरून सनावळी काढू नये.

ही गीते वरवर डोंब स्त्री, नाव, कापूस, हरिणाची शिकार अशा साध्या गोष्टींविषयी आहेत. आत मात्र काही वेगळेच चालले आहे. या बोलण्याला पोथीतील संस्कृत टीका ‘संध्याभाषा’ म्हणते. शास्त्रीबुवांनी त्याचा अर्थ लावला : संधिप्रकाशाची भाषा, थोडा उजेड आणि थोडा अंधार असलेली. अर्थ इतका सुरेख होता की तो लगेच रुजला. आणि एकदा ‘अंधारी भाषा’ म्हटले की पुढचे सगळे ओघाने येते. अंधारात बोलणारा काही लपवत असणार. लपवतो म्हणजे पापच असणार!

१९२८ साली शांतिनिकेतनातील विधुशेखर शास्त्री भट्टाचार्य यांनी एक छोटा लेख लिहिला आणि या सुंदर अर्थाला टाचणी लावली. त्यांचे म्हणणे असे की मूळ शब्द ‘संध्या’ नसून ‘संधा’ आहे. ‘संधाय’ म्हणजे मनात धरून, उद्देशून. आपल्या मराठीत ‘अनुसंधान’ आणि ‘अभिसंधी’ याच धातूपासून आले आहेत. हा शब्द तंत्रांच्याही कितीतरी आधीच्या ‘सद्धर्मपुंडरीक’ या महायान सूत्रात येतो. तिथे खुद्द बुद्धाच्या उपदेशाला ‘संधाभाष्य’ म्हटले आहे आणि तिथे संधिप्रकाशाचा काही संबंधच नाही. ऐकणाऱ्याची तयारी पाहून, मनात एक हेतू धरून केलेले बोलणे, असा त्याचा अर्थ आहे. तिबेटी भाषांतरकारांनीही या ठिकाणी ‘हेतू, अभिप्राय’ या अर्थाचाच शब्द योजला होता. मग हस्तलिखितांत ‘संध्या’ का? कारण लेखनिकाला रोजची संध्या माहीत होती, ‘संधा’ माहीत नव्हती. अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द येणे हा पोथ्यांचा जुना रोग आहे.

पुढे बहुतेक अभ्यासकांनी विधुशेखरांचे म्हणणे मान्य केले, काहींनी संधिप्रकाशाची बाजूही लढवली. वाद पूर्ण मिटला असे नाही. पण तोल बदलला. ‘अंधारी भाषा’ असे मानले तर वाचकाचे काम संशय घेणे; ‘अभिप्रेत भाषा’ असे मानले तर वाचकाचे काम अभिप्राय शोधणे. एका ‘य’ने एवढा फरक पडतो.

किल्ली उलटी फिरते

अभिप्राय शोधायचा तर किल्ली हवी. ती ‘हेवज्रतंत्र’ या साधारण नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमाराच्या ग्रंथातच दिलेली आहे. डेव्हिड स्नेलग्रोव्ह यांनी १९५९ साली त्याचे संपादन आणि भाषांतर प्रसिद्ध केले. त्याच्या दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात या सांकेतिक शब्दांची यादीच येते.

आता ‘सगळे प्रतीकात्मक असते’ म्हणणाऱ्या वाचकाची अपेक्षा काय असेल? यादीत लिहिलेले असेल की मद्य म्हणजे ज्ञानामृत, मांस म्हणजे वाणीचा संयम. प्रत्यक्षात यादी नेमकी उलटी आहे. तिथे म्हटले आहे की मद्याला ‘मदन’ म्हणावे, मांसाला ‘बल’ म्हणावे. ‘कस्तुरी’ म्हणजे मूत्र. ‘चतुःसम’ हे खरे तर चार द्रव्यांचे सुगंधी उटणे. ते इथे विष्ठेचे नाव आहे. ‘कापूर’ म्हणजे शुक्र. आणि ‘कुंदुरू’ या धुपाच्या नावाने स्त्री-पुरुष समागम सुचवला आहे. म्हणजे संकेत सोवळ्या शब्दाकडून ओवळ्या वस्तूकडे जातो. बाहेर सुगंधाचे दुकान, आत सगळ्या विटाळाच्या गोष्टी!

हे लक्षात आले की दोन्ही वाचकांची पंचाईत होते. ‘मद्य म्हणजे मद्य नव्हेच’ म्हणणाऱ्याला हा ग्रंथ सांगतो की बाबा रे, इथे साधा दिसणारा शब्दच मद्य आहे. आणि ‘नुसती घाण’ म्हणणाऱ्याला प्रश्न पडायला हवा की घाणीसाठी नेमकी देवपूजेतली द्रव्ये का निवडली? कापूर आणि कस्तुरी ही शुद्धतेची परमावधी. तीच नावे अशुद्धतेच्या परमावधीला दिली आहेत. शुद्ध आणि अशुद्ध हा भेद मनाने घातलेला आहे, तो ओलांडल्याशिवाय अद्वय कळत नाही, हा या ग्रंथांचा सिद्धांत आहे. यादीतल्या जोड्याच तो सिद्धांत बोलून दाखवतात. ख्रिश्चन वेडमेयर यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात हाच धागा पकडला. ‘खरे की प्रतीक’ हा प्रश्नच अपुरा आहे. वस्तू खरी असूनही तिचे प्रयोजन अर्थ सांगणे हे असू शकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ओवळ्या हाताने देव्हाऱ्याला शिवणे ही कृती खरीच असते, पण ती हातापेक्षा नियमाविषयी अधिक बोलते.

दुसऱ्या दिशेने जाणारे शब्दही आहेत. ‘ललना’ म्हणजे स्त्री, पण अनेक ठिकाणी ते शरीरातल्या एका नाडीचे नाव असते. उलट ‘बोधिचित्त’ हा महायानातला उदात्त शब्द, बुद्धत्वाचा संकल्प. तो काही वाक्यांत शुक्रासाठी येतो. संकेताला अशा दोन दिशा असतात, हे अगेहानंद भारती या मूळच्या ऑस्ट्रियन संन्यासी-प्राध्यापकाने १९६५ साली स्पष्ट मांडले. म्हणून ‘तंत्रात अमुक शब्दाचा अर्थ अमुक’ असे एका वाक्यात कोणी सांगू लागला, की सावध व्हावे.

धुऊन घेण्याचा मोह

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. मघाचा प्रकार बौद्ध ग्रंथांचा होता. हिंदू शाक्त ग्रंथांत मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा आणि मैथुन हे पंचमकार प्रसिद्ध आहेत. इथे मुद्रा म्हणजे बहुधा भाजलेले धान्य. या ग्रंथांची जगाला ओळख करून दिली ती ‘आर्थर ॲव्हलॉन’ या नावाने. या नावामागे होते कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती सर जॉन वुड्रॉफ आणि त्यांचे बंगाली सहकारी अटलबिहारी घोष. संस्कृतचा भार मुख्यतः घोषबाबूंनी वाहिला, हे कॅथलीन टेलर यांनी २००१ साली साधार दाखवले. १९१३ साली त्यांनी ‘महानिर्वाणतंत्रा’चे इंग्रजी भाषांतर काढले.

वुड्रॉफ यांचा हेतू चांगला होता, काम प्रामाणिक होते. पण निवड पाहा. ‘महानिर्वाण’ हे बहुतेक अभ्यासकांच्या मते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमध्ये रचले गेले. म्हणजे ते तंत्रग्रंथांतले सर्वांत धाकटे आणि सर्वांत सभ्य भावंड. घरातल्या शेंडेफळाला भेटून खापरपणजोबांचा स्वभाव ठरवावा, तसे पुढे अनेकांनी केले.

तरीही या धाकट्या ग्रंथात एक मोलाची गोष्ट सापडते. त्याच्या सहाव्या प्रकरणात मद्याचे प्रकार सरळ सांगितले आहेत : गुळाचे ‘गौडी’, पिठाचे ‘पैष्टी’, मधाचे ‘माध्वी’. नंतर, कलियुगातील गृहस्थासाठी, मद्याच्या जागी दूध, साखर आणि मध चालेल, आणि शेवटच्या मकाराच्या जागी देवीच्या चरणांचे ध्यान आणि जप करावा, असे सांगितले आहे. हे प्रतीक नव्हे, याला ‘प्रतिनिधी’ म्हणतात. आपल्या पूजेत हे रोज घडते. दागिने नसतील तर अक्षता वाहतो, गणपतीच्या जागी सुपारी मांडतो, बळीच्या जागी कोहळा फोडतो. पण कोहळा फोडण्याची प्रथा काय सिद्ध करते? कधीतरी तिथे कोहळा नव्हता, हेच! बदली माणूस नेमला गेला, याचा अर्थ मूळ जागा खरीच होती. म्हणून प्रतिनिधी-द्रव्य दाखवून ‘हे सगळे पहिल्यापासून प्रतीकच होते’ म्हणणे म्हणजे पुराव्याचा उलटा अर्थ लावणे होय.

परंपरेने स्वतः याची व्यवस्था लावली होती. साधकांचे तीन ‘भाव’ मानले. पशुभावाच्या साधकाला, म्हणजे सर्वसामान्य माणसाला, प्रतिनिधी. वीरभावाच्या साधकाला प्रत्यक्ष द्रव्य, तेही दीक्षा, गुरू आणि नियम यांच्या चौकटीत. आणि दिव्यभावाच्या साधकाला केवळ आंतरिक अर्थ. सहस्रारातून पाझरणारे अमृत म्हणजे मद्य, हा अर्थ या तिसऱ्या पायरीचा. वुड्रॉफ यांनी ही तिन्ही अंगे नोंदली आहेत. त्यांचे नाव घेऊन लिहिणाऱ्या पुढच्या लोकप्रिय लेखकांनी मात्र तिसरे अंग तेवढे उचलले आणि पहिली दोन गाळली. निंदकांनी मधले तेवढे उचलले. एकाच पानाचे दोघांनी दोन तुकडे केले!

जुन्या टीकाकारांची शिस्त

या गोंधळातून वाट काढायला आपल्याला नवे काही शोधावे लागत नाही. ज्या ‘गुह्यसमाजा’ने राजेंद्रलाल मित्रांना हादरवले, त्याच ग्रंथावर चंद्रकीर्ती या तांत्रिक आचार्याची ‘प्रदीपोद्द्योतन’ ही टीका आहे. (माध्यमक तत्त्वज्ञ चंद्रकीर्ती वेगळे, असे आधुनिक अभ्यासक मानतात.) तिचे मूळ संस्कृत १९८४ साली पाटण्याहून छापले गेले, म्हणजे मित्रांच्या सूचीनंतर तब्बल १०२ वर्षांनी.

ही टीका वाक्य वाचण्याच्या सहा शक्यता सांगते, त्या तीन जोड्यांत येतात. अर्थ अजून उलगडायचा आहे की उलगडलेलाच आहे; बोलणे अभिप्रेत संकेताचे आहे की नाही; शब्द जसाच्या तसा घ्यायचा की नाही. प्रत्येक जोडीत ‘नाही’ला जागा आहे, हे महत्त्वाचे. सगळे सांकेतिक आहे असे खुद्द परंपराही म्हणत नाही. ती प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारते, हे वाक्य कोणते?

उदाहरण करून पाहू. समजा, एखाद्या तंत्रात वाक्य आले की साधकाने कापूर सेवन करावा. पहिला प्रश्न, ग्रंथ कोणता? वैद्यकाच्या किंवा पूजाविधीच्या पोथीत कापूर म्हणजे कापूरच. हेवज्राच्या घराण्यातली पोथी असेल तर यादी लागू पडते. दुसरा प्रश्न, वाक्याचा संदर्भ काय? विधी चालू आहे की शरीरातल्या नाड्यांचे ध्यान? ध्यानात असेल तर त्याच शब्दाचा रोख आतल्या बिंदूकडे, बोधिचित्ताकडे वळतो. तिसरा प्रश्न, त्या ग्रंथाचा जुना टीकाकार काय म्हणतो, आणि तो मूळ ग्रंथानंतर किती काळाने लिहितो? दोनतीनशे वर्षांनंतरचा मठवासी टीकाकार भिक्षूच्या व्रतांना सांभाळून घेणार, हे गृहीत धरावे लागते. त्याची साक्ष मोलाची, पण ती त्याच्या काळाची साक्ष असते.

लिहिले म्हणजे घडले?

इतके करूनही एक प्रश्न उरतो. ग्रंथात ‘करावे’ लिहिले आहे, म्हणून लोकांनी ते केले का? पाककृतीच्या पुस्तकावरून घरात रोज काय शिजते ते कळत नाही. तसेच हे आहे. त्यासाठी ग्रंथाबाहेरचा साक्षीदार हवा. असा एक काश्मीरात सापडतो. राजा शंकरवर्मा याच्या काळात (इ. स. ८८३ ते ९०२) नैयायिक जयंतभट्ट होऊन गेला. एकच निळे वस्त्र दोघांत गुंडाळून फिरणाऱ्या ‘नीलांबर’ पंथाला राजाने बंदी केल्याचे तो सांगतो. याच विषयावर त्याने ‘आगमडंबर’ नावाचे नाटकही लिहिले. म्हणजे काही आचार खरोखर होते आणि तेव्हाच्या समाजाला ते खुपतही होते. पण त्याच नाटकात, आता आपल्यावरही गदा येणार म्हणून शैव आचार्य घाबरतात, तेव्हा त्यांना दिलासा दिला जातो की तुमचा आगम प्रमाण आहे, तुम्हाला भय नाही. अकराशे वर्षांपूर्वीचा हा सनातनी नैयायिक पंथापंथांत भेद करू शकत होता. एका शिक्क्याखाली सगळ्यांना कोंबण्याची घाई त्याला नव्हती.

हा भेद करण्याला आजही व्यवहारात किंमत आहे. उद्या कोणी भोंदू बाबा ‘तंत्रात सांगितले आहे’ म्हणून एखाद्या बाईला नाडू लागला, तर ‘तंत्रात तसे काही नाहीच, सगळे प्रतीक आहे’ हे उत्तर लंगडे पडते. तो चार ओळी दाखवून मोकळा होतो. त्याला विचारायला हवे : ग्रंथ कोणता, टीका कोणाची, दीक्षा कोणाकडून, अधिकार कोणता? आणि ग्रंथ काहीही म्हणो, फसवणूक व जबरदस्ती हा गुन्हाच आहे. महाराष्ट्रात तर २०१३ पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे. दुसरीकडे, काठमांडूच्या गल्लीत सकाळी पोथीवर फूल वाहणाऱ्या वज्राचार्याला या भोंदूच्या पंक्तीत बसवण्याचा अधिकारही आपल्याला नाही. दोघांना एकच शब्द लावला जातो, एवढेच त्यांच्यातले साम्य. हा शब्द पुन्हा छापण्यापूर्वी किंवा उच्चारण्यापूर्वी, कोणाविषयी बोलतो आहोत एवढे विचारले, तरी निम्मे काम होईल.